फेस्टच्या एका कॅप्शनचे पाच आठवडे

२०२४-२५च्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक फेस्टची प्रसिद्धी माझ्याकडे होती. त्यातलं एकच काम मी इथे लिहिते आहे, कारण सुरू करताना ते दहा मिनिटांचं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात पाच आठवडे चाललं. ते काम म्हणजे स्पॉन्सर आणि तिकीट काढणारे, या दोघांनाही बोलावणारी इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट आणि तिच्याखालचं कॅप्शन. सांगलीसारख्या गावात, मोठी कंपनी पाठीशी नसताना फेस्ट करणाऱ्या एखाद्या कमिटीला याचा उपयोग होईल असं वाटतं.

सोमवार ९ डिसेंबर २०२४ला विद्यार्थी मंडळाची बैठक झाली. मंडप, साऊंड, लाइट, बक्षिसं आणि बाहेरून येणारा बँड धरून दोन लाख चाळीस हजारांचा खर्च निघाला. कॉलेज ऐंशी हजार देणार होतं. उरलेले एक लाख साठ हजार आम्ही उभे करायचे, त्यातले एक लाख स्पॉन्सरकडून आणि साठ हजार तिकिटांतून. तिकीट दीडशे रुपये ठरलं. ते ठरण्याआधी आमच्या खजिनदाराने हेडक्लार्क काकांना करांबद्दल विचारून घेतलं होतं. अशा कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेश तिकिटाला जीएसटी लागत नाही, हे त्यांनी सांगितलं आणि एक चिंता मिटली.

तारखा सुरुवातीला शनिवार ८ आणि रविवार ९ फेब्रुवारी ठरल्या होत्या. नंतर कळलं, रविवारी कॉलेजात एका परीक्षेचं केंद्र आहे. मग फेस्ट एक दिवस अलीकडे आला, ७ आणि ८. हा बदल लक्षात ठेवा, पुढे त्यानेच आम्हाला गोत्यात आणलं.

परवानगीशिवाय काहीही बाहेर टाकायचं नाही, असा प्राचार्यांचा नियम होता. अर्ज लिहिला, सांस्कृतिक विभागाच्या मॅडमची सही घेतली, ऑफिसात आवक क्रमांक घातला. प्राचार्यांची सही २३ डिसेंबरला मिळाली. मधल्या दोन आठवड्यांत आणखी एक अडचण निघाली. पेजचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. ओटीपी जायचा मागच्या वर्षीच्या सेक्रेटरीच्या नंबरवर, आणि तो दादा आता पुण्यात नोकरीला. त्याची ड्युटी संपेपर्यंत थांबायचं, त्याने सांगितलेला ओटीपी मुदत संपायच्या आत टाकायचा, असं करत दोन दिवस गेले. पेज हातात आल्याबरोबर आम्ही ते कॉलेजच्या ईमेलला जोडलं. तुमच्याकडे पेज आलं की हे पहिल्याच दिवशी करा.

या काळात मी कॅप्शन लिहिलं. मला ते फार आवडलं होतं. सुरुवात अशी होती: ‘१८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला गेला, त्या नाट्यपंढरीच्या मातीत, विष्णुदास भाव्यांचा वारसा मनात जपत, आम्ही विद्यार्थी घेऊन येत आहोत...’ तारीख सातव्या ओळीत होती. शेवटी लिहिलं होतं, ‘तिकिटं आणि स्पॉन्सरशिपसाठी डीएम करा.’ रविवार ५ जानेवारीला रात्री अकराला पोस्ट टाकली. सकाळपर्यंत सहाशेच्या वर लाइक आले आणि आम्हाला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी मी आणि एक मैत्रीण हरभट रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात स्पॉन्सरशिपचं पत्र घेऊन गेलो. काकांनी आम्हाला बसवलं, पत्र वाचलं आणि आमच्यासमोरच मोबाइल काढून पेज उघडलं. हे पुढे प्रत्येक दुकानात घडलं. आधी मला वाटायचं, स्पॉन्सर पोस्ट वाचून फोन करेल. प्रत्यक्षात स्पॉन्सरकडे आपल्यालाच जावं लागतं, आणि आपण समोर बसलेलो असताना तो पोस्ट उघडून आपलं खरं-खोटं तपासतो. काकांच्या मोबाइलवर कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळी दिसत होत्या आणि पुढे `more`. त्या दोन ओळींत नाट्यपंढरी होती, पण कार्यक्रम कधी, कुठे आणि कोणाशी बोलायचं, यातलं काही नव्हतं. `more` दाबल्यावर त्यांनी पोस्टर मोठं करून पाहिलं आणि विचारलं, “बाळ, सात तारखेला शनिवार आहे का?”

नव्हता. सात फेब्रुवारीला शुक्रवार होता. फेस्ट एक दिवस अलीकडे आणताना पोस्टरवर तारखा बदलल्या होत्या आणि वार तसेच राहिले होते, शनिवार-रविवार. पोस्टर पाच जणांनी तपासलं होतं. पाचही जणांनी तारखा पाहिल्या, कॅलेंडर कोणीच उघडलं नाही. काका म्हणाले, “तारीख पक्की करून या, मग बोलू.” ते रागावले नव्हते, पण मला रस्त्यावर येईपर्यंत बोलता आलं नाही.

इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर कितीही वेळा दुरुस्त करता येतं, पण टाकलेलं चित्र बदलून त्याजागी दुसरं ठेवता येत नाही. म्हणजे चुकीचं पोस्टर तसंच ठेवून खाली खुलासा लिहायचा, नाहीतर सगळी पोस्ट काढून नव्याने टाकायची. सहाशे लाइकवर पाणी सोडायला कमिटीतले निम्मे तयार नव्हते. चार दिवस आम्ही खुलाशावर काढले. तोवर पोस्टर व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरत होतं, आणि तिथे फक्त चित्र जातं, खालचा खुलासा कुठेच जात नाही. दोन मुलींनी मला विचारलं, रविवारचा शो किती वाजता आहे. मग पोस्ट काढायचीच, हा हट्ट मी सोडला नाही.

शनिवारी ११ जानेवारीला आणखी एक गोष्ट कळली. आपण ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज इनबॉक्समध्ये समोर दिसत नाहीत, ते `Requests` नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातात. आम्ही तो कप्पा उघडलाच नव्हता. त्यात अकरा मेसेज होते. आठ तिकिटांचे. दोन स्टॉल लावता येईल का असं विचारणारे. आणि एक विश्रामबागच्या फोटो स्टुडिओचा, सहा तारखेचा: ‘आम्हाला स्पॉन्सर करायचं आहे, फोन करा.’ मी लगेच फोन केला. ते म्हणाले, “ताई, तीन दिवस वाट बघितली. परवाच दुसऱ्या एका कार्यक्रमाला पैसे दिले.” आवाजात तक्रार नव्हती. फोन ठेवल्यावर मी ‘डीएम करा’ हे शब्द वहीत लिहून त्यांवर काट मारली.

रविवारी १२ तारखेला आम्ही पहिली पोस्ट काढली आणि दुपारभर बसून दुसरी तयार केली.

आधी वाद झाला तो स्पॉन्सर आणि तिकीटवाल्यांसाठी दोन वेगळ्या पोस्ट कराव्यात का, यावर. माझं मत वेगळ्या कराव्यात असं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, नुसती स्पॉन्सरची पोस्ट वर्गणीच्या पावतीसारखी दिसते, मुलं ती पुढे पाठवत नाहीत. तिकिटाच्या पोस्टमध्येच स्पॉन्सरचा मजकूर असला, तर एखादी मुलगी ती घरी दाखवते आणि तिच्या वडिलांचं दुकान असतं. मॅडमचं म्हणणं बरोबर ठरलं. चार स्टॉलपैकी दोन असेच आले, त्यांतला एक आमच्याच वर्गातल्या मुलीच्या मामांच्या केकच्या दुकानाचा.

मग एकाच कॅप्शनमध्ये दोघांसाठी दोन दारं करायची असं ठरलं. तिकिटाचा मजकूर वर, कारण ते वाचणारे जास्त. स्पॉन्सरचा खाली, पण त्याची मुदत आणि संपर्क वेगळा. चित्रावर काय आणि कॅप्शनमध्ये काय, हेही ठरवलं. जे बदलणार नाही आणि व्हॉट्सॲपवर एकटं फिरलं तरी लागेलच, ते चित्रावर घेतलं: वार, तारीख, ठिकाण आणि तिकिटाच्या फॉर्मचा क्यूआर. जे बदलू शकतं ते कॅप्शनमध्ये: दर, मुदती, वेळा. वारांसाठी या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि एकीने तारीख वाचायची, दुसरीने वार सांगायचा, असं केलं.

संपर्काला जास्त वेळ लागला. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबली जात नाही आणि मोबाइलवर कॅप्शनमधला मजकूर कॉपीही करता येत नाही. म्हणून लिंक बायोमध्ये द्यावी लागते. आम्ही तिथे दोन दिल्या. पहिली तिकिटाच्या फॉर्मची. दुसरी दाबली की स्पॉन्सरचं काम पाहणाऱ्या मुलाचं व्हॉट्सॲप उघडायचं आणि ‘स्पॉन्सरशिपबद्दल माहिती हवी आहे’ हा मेसेज आधीच लिहिलेला असायचा. ती लिंक अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
```

९१च्या पुढे दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह, शून्य किंवा जागा नाही. बनवल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवरून दाबून पाहा. आमच्याकडून पहिल्यांदा एक आकडा कमी पडला होता.

नंबर कोणाचा द्यायचा, हाही प्रश्न होता. मुलींचा वैयक्तिक नंबर उघड्यावर द्यायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं आणि ते योग्यच होतं. आम्ही साडेतीनशे रुपयांचं एक नवं सिम आणि रिचार्ज घेतलं, ते खजिनदाराच्या जुन्या मोबाइलमध्ये घातलं आणि तो मोबाइल दुपारी दोन ते सात या वेळेत पाळीपाळीने सांभाळला. आलेला प्रत्येक फोन एका वहीत: नाव, दुकान, काय विचारलं, कोणी परत फोन करायचा.

हे आमचं दुसरं कॅप्शन. कॉलेजचं नाव आणि नंबर गाळून, बाकी शब्दन् शब्द तसंच देते:

‘शुक्रवार ७ आणि शनिवार ८ फेब्रुवारी २०२५. सायंकाळी ५ वाजता, कॉलेजचं मैदान, सांगली. दोन्ही दिवसांचं तिकीट १५० रुपये.

शुक्रवारी एकांकिका आणि लोकनृत्य, शनिवारी फॅशन शो आणि बँड. १५० रुपयांचा दर ३१ जानेवारीपर्यंत, त्यानंतर आणि गेटवर २००. तिकिटासाठी बायोमधली पहिली लिंक. पैसे भरल्यापासून २४ तासांत तिकीट ईमेलवर येईल, न आल्यास खालच्या नंबरवर कळवा. दुसऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचं ओळखपत्र आणावं.

दुकानदार आणि व्यावसायिकांसाठी: मैदानात स्टॉल ३,००० रुपयांपासून. स्टेजमागच्या फलकावर नाव हवं असल्यास शनिवार २५ जानेवारीपर्यंत ठरवा, फलक सोमवारी २७ला छपाईला जाणार आहे. बायोमधली दुसरी लिंक दाबा किंवा दुपारी २ ते ७ या वेळेत फोन करा. रक्कम फक्त कॉलेजच्या खात्यावर घेतली जाईल आणि कॉलेजची पावती मिळेल.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी विचारलेला प्रश्न आहे. पावतीचं वाक्य गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्यांमुळे आलं. त्यांच्याकडे आदल्या वर्षी कोणत्यातरी कार्यक्रमाचे मुलगे येऊन स्वतःच्या नंबरवर पैसे घेऊन गेले होते आणि पुढे कार्यक्रम झालाच नाही. ते वाक्य दिसलं की समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा. काही जण देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जीची पावती मिळेल का विचारत. हेडक्लार्क काकांनी आम्हाला उत्तर शिकवून ठेवलं होतं: पैशांच्या बदल्यात तुमची जाहिरात होते, म्हणून ही देणगी नाही, साधी पावती मिळेल.

मोठ्या स्पॉन्सरचे दर कॅप्शनमध्ये मुद्दाम घातले नाहीत. मुख्य स्पॉन्सर पंचवीस हजार आणि सहस्पॉन्सर दहा हजार, हे आकडे समोर बसून सांगायचे असतात, कारण कुणाला नाव फलकावर हवं असतं, कुणाला सूत्रसंचालनात, आणि त्यावर बोलणं होतं. स्टॉलचा दर मात्र उघड दिला, त्यामुळे लहान दुकानदारांना फोन करताना संकोच वाटला नाही.

संक्रांतीला, मंगळवारी १४ तारखेला, मी पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेले. तिळगूळ दिला, पोस्ट दाखवली. काकांनी वार वाचले, मान हलवली आणि दहा हजारांचा चेक लिहिला, कॉलेजच्या नावाने.

आता चुकलेलं सांगते. मुख्य स्पॉन्सर म्हणून एका क्लासने पंचवीस हजार दिले. त्याच आठवड्यात दुसऱ्या क्लासने फोनवर दहा हजार कबूल केले आणि फोन घेणाऱ्या मुलाने हो म्हणून टाकलं. पहिल्या क्लासच्या सरांना कळल्यावर ते कॉलेजात आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, शेजारी स्पर्धकाचं नाव असेल तर माझे पैसे परत द्या. आम्हाला दुसऱ्या क्लासची माफी मागावी लागली आणि ते दहा हजार गेले. त्या संध्याकाळी कॅप्शनमध्ये ‘एका व्यवसायातून एकच स्पॉन्सर’ हे वाक्य घातलं. ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, आणि फोनच्या वहीच्या पहिल्या पानावरही.

बायोमधल्या दुसऱ्या लिंकचंही एक आहे. प्रोफाइलवर पहिलीच लिंक दिसते, बाकीच्या पाहायला तिच्या शेजारच्या `and 1 more`वर दाबावं लागतं. मुलांना हे कळतं. पन्नाशीतल्या दुकानदारांना कळत नव्हतं, दोघांनी तसं सांगितलं. म्हणून नंबर शेवटच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत टाकलेला बरा. आमचा फक्त कॅप्शनमध्ये होता. पाच-पाच आकड्यांमध्ये तोडून लिहिला होता, म्हणून निदान वाचून डायल करता यायचा.

तिकिटांचे पैसेही कॉलेजच्या खात्यावर यूपीआयने यायचे आणि फॉर्ममध्ये लोक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट टाकायचे. पहिल्या शंभर तिकिटांनंतर खजिनदाराने बँकेचं स्टेटमेंट जुळवलं तर तीन स्क्रीनशॉटचे पैसे खात्यात आलेलेच नव्हते. त्यानंतर स्क्रीनशॉटबरोबर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबरही लिहायला लावला आणि तो स्टेटमेंटमध्ये सापडल्यावरच तिकीट पाठवलं. ऑफिसातून स्टेटमेंट रोज दुपारी चारला मिळायचं, म्हणूनच कॅप्शनमध्ये २४ तास लिहिले होते. लगेच तिकीट देण्याचं वचन आम्हाला पाळता आलं नसतं.

लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज आम्ही २० जानेवारीला पोलीस ठाण्यात दिला. प्राचार्यांचं पत्र, जागेचा नकाशा, किती लोक येणार, साऊंडवाल्याचं नाव, सगळं जोडून. कागद ३ फेब्रुवारीला हातात आला, तोपर्यंत रोज पोटात गोळा यायचा. खिडकीवरच्या हवालदार काकांनी बजावलं, “दहाला आवाज बंद म्हणजे बंद. शेवटचं गाणं पावणेदहाला संपवा.” त्याच दिवशी कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘सायंकाळी ५ ते ९.४५’ केलं. वेळ चित्रावर नव्हती, म्हणून दोन मिनिटांत झालं. ती ओळ वाचून मिरजेच्या काही मुलींच्या घरून परवानगी मिळाली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. सुटण्याची वेळ लिहिली पाहिजे हे मला तोवर सुचलं नव्हतं.

फेस्ट झाला. आधीच्या दराने ३७१ तिकिटं गेली, दोनशेच्या दराने ८३. तिकिटांचे ७२,२५० रुपये झाले, ठरवल्यापेक्षा बारा हजारांनी जास्त. स्पॉन्सरकडून एक मुख्य, चार सहस्पॉन्सर आणि चार स्टॉल मिळून ७७,००० आले, ठरवल्यापेक्षा २३ हजारांनी कमी. १०,७५० रुपयांची तूट राहिली. मंडपवाल्या काकांनी ते मार्चपर्यंत थांबून घेतले, कॉलेजने पुढच्या हप्त्यात दिले. स्टुडिओचा मेसेज वेळेवर पाहिला असता आणि दोन क्लासचा घोळ झाला नसता, तर ही तूट राहिली नसती असं मला अजून वाटतं.

रविवारी दुपारी परीक्षेची मुलं कॉलेजातून बाहेर पडत होती आणि आम्ही मैदानातल्या फलकाचा प्रत्येक स्पॉन्सरचं नाव दिसेल असा फोटो निवडत होतो. तो फोटो आणि पावती, दोन्ही आठवड्याभरात नऊही जणांना नेऊन दिलं. चष्म्याच्या काकांनी फोटो काउंटरच्या काचेखाली ठेवला.

सोमवारी १० तारखेला त्या जुन्या मोबाइलवर इचलकरंजीहून फोन आला, “दोन तिकिटं मिळतील का?” मी पेज उघडलं. पहिली ओळ अजून तशीच होती. ती बदलून लिहिलं: ‘हा कार्यक्रम ७ आणि ८ फेब्रुवारी २०२५ला पार पडला, तिकीटविक्री बंद आहे. पुढच्या वर्षासाठी कॉलेजच्या ईमेलवर लिहा.’ मग सिम काढून पाकिटात घातलं, पाकिटावर नंबर लिहिला आणि ते फोनच्या वहीसोबत मॅडमच्या कपाटात ठेवलं.